थंडीत सडांना भेगा पडू नयेत म्हणून: मुठीने धार आणि चिमटीने धार

थंडी पडून दोन-तीन आठवडे झाले की गायींच्या सडांची कातडी कोरडी पडून तिला भेगा जाऊ लागतात आणि एरवी शांत उभी राहणारी गाय धारेच्या वेळी पाय झाडू लागते. याचा सगळा दोष थंड वाऱ्याला दिला जातो. थंडीने कातडी कोरडी होते हे खरे आहे, कारण सडाच्या कातडीला केस नसतात आणि घामाच्या किंवा तेलाच्या ग्रंथीही नसतात, त्यामुळे तिचा मऊपणा टिकवणारे आतून काही मिळत नाही. परंतु कोरडी कातडी फुटते ती बहुतेक वेळा दररोज दोन वेळा होणाऱ्या ओढाताणीमुळे. म्हणून या दिवसांत मलम शोधण्याआधी आपला हात सडावर नेमके काय करतो, ते पाहावे.

सड वरून मांसल दिसला तरी आतून पोकळ असतो. कासेतून उतरलेले दूध या पोकळीत साठते आणि टोकाशी असलेल्या साधारण १ सेंटीमीटर लांबीच्या अरुंद नळीतून बाहेर पडते. ही नळी एका गोल स्नायूने आवळून धरलेली असते. दूध बाहेर यायचे तर पोकळीतला दाब या स्नायूच्या आवळण्यापेक्षा जास्त व्हावा लागतो. म्हणजे धार काढणे हे मुळात दाबण्याचे काम आहे, ओढण्याचे नाही. सड खाली ओढला तरी दूध येते, कारण ओढताना बोटांचा दाबही पडतो. पण त्या ओढीचा ताण कातडीवर आणि आतल्या नाजूक अस्तरावर पडतो आणि तो दूध येण्यासाठी मुळीच आवश्यक नसतो.

मूठ पद्धतीत अंगठा आणि तर्जनी यांचे कडे सडाच्या मुळाशी, जिथे सड कासेला मिळतो तिथे, हलकेच आवळावे. या कड्याचे काम दूध बाहेर काढण्याचे नाही; सडात उतरलेले दूध परत कासेत जाऊ नये म्हणून ते वरचे दार बंद करते. दार बंद झाल्यावर मधले बोट, मग अनामिका आणि शेवटी करंगळी अशी एकामागून एक मिटत आणावी, म्हणजे अडकलेल्या दुधाला खाली जाण्याखेरीज वाट उरत नाही. धार संपताच मूठ पूर्ण सैल करावी. हे सैल करणे दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण त्या क्षणीच कासेतले दूध सडात उतरते. मूठ अर्धवट सैल ठेवली तर पुढची धार बारीक येते आणि काढणारा अधिक जोर लावू लागतो. पूर्ण धारेत मनगट जागचे हलता कामा नये. आपले कोपर वर-खाली होत असेल तर आपण दाबत नसून ओढत आहोत, असे खुशाल समजावे.

कडे फार वर, म्हणजे कासेच्या मांसात रुतवून धरण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते. दूध जास्त येईल असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या जागी चिमटले गेलेले अस्तर सुजते आणि पुढे सडात दूध उतरण्याची वाटच अरुंद होते. घरातल्या कोणाला धार शिकवायची असेल तर गायीवर शिकवू नये. रबरी हातमोज्यात पाणी भरून त्याचे तोंड बांधावे, एका बोटाच्या टोकाला सुईने बारीक छिद्र पाडावे आणि त्यावर मूठ मिटण्याचा सराव करून घ्यावा. वरचे कडे सैल असेल तर पाणी धारेने न येता मोज्यात परत चढताना दिसते, आणि चूक सांगावी लागत नाही.

चिमटीच्या पद्धतीत अंगठा आणि तर्जनी यांत सड मुळाशी धरून बोटे दाबत टोकापर्यंत घसरवत आणतात. बोटे घसरण्यासाठी त्यांना ओल लागते आणि इथूनच थंडीतला त्रास सुरू होतो. बरेच जण पहिल्या धारेत बोटे भिजवतात, मध्येच पुन्हा दुधात बुडवतात. ते दूध कातडीवर वाळते, वाळताना आहे ती ओलही घेऊन जाते, आणि बोटांवरचे जंतू एका सडावरून दुसऱ्या सडावर आणि थेट बादलीत पोचतात. शिवाय घसरणाऱ्या बोटांचा जोर सडाच्या टोकाशी सर्वांत जास्त पडतो. नेमक्या तिथेच ती अरुंद नळी असते. वर्षानुवर्षे याच पद्धतीने पिळलेले सड लांबतात, त्यांची टोके खरखरीत होतात आणि टोकाचा स्नायू ढिला पडला तर गाय बसल्या जागी दूध गाळू लागते. जी वाट दुधाला बाहेर यायला उघडी राहते, तीच कासदाहाच्या जंतूंना आत जायला उघडी असते.

तरीही चिमटी पूर्णपणे टाकाऊ नाही. पहिल्या वेताच्या गायीचे सड पुष्कळदा इतके आखूड असतात की मुठीत चार बोटे मावतच नाहीत. अशा वेळी घसरवत आणण्याऐवजी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढ्यांचीच लहान मूठ करून जागच्या जागी दाबावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण कातडी ओढली जात नाही. धारेच्या शेवटी उरलेले दूध काढण्यासाठी चिमटी वापरली जाते. हे शेवटचे दूध सुरुवातीच्या दुधापेक्षा स्निग्ध असल्याने ते सोडवत नाही, हे समजण्यासारखे आहे. त्यासाठी आधी कासेचा तो भाग तळहाताने वरून खाली हलका चोळावा, सडात उतरलेले दूध मुठीनेच काढावे आणि मग लागलीच तर प्रत्येक सडाला चार-सहा वेळा कोरड्या, हलक्या हाताने चिमटी द्यावी. कास कधीच थेंबापर्यंत रिकामी होत नाही, कारण दूध तयार होणे सुरूच असते, म्हणून पाच-पाच मिनिटे पिळत बसण्यातून मिळते त्यापेक्षा जाते अधिक.

या दोहोंच्या आड एक तिसरी पद्धत लपलेली असते आणि माझ्या मते खरा घात ती करते. मूठ दमली की अंगठा आत दुमडून त्याच्या पेराने सड दाबण्याची सवय लागते. पेराचे टणक हाड सडाच्या एकाच जागी रोज शेकडो वेळा रुतते आणि आतल्या अस्तराला जखम होऊन ती गाठीच्या रूपाने भरते.

मागील हिवाळ्यात पाहिलेली एक गाय याचे उदाहरण आहे. दुसऱ्या वेताची, सकाळी साधारण ५ लिटर दूध देणारी ही गाय महिनाभरापासून डावा मागचा पाय झाडत होती, म्हणून मालक पाय बांधूनच धार काढत असत. त्या बाजूच्या मागच्या सडाच्या मुळाशी आडवी भेग होती, टोकाची कातडी खरखरीत झाली होती आणि मधोमध बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागत होती. मालकांना नेहमीप्रमाणे धार काढायला सांगून घड्याळ लावले. पुढचे सड ते मुठीने काढत. मागचे आखूड सड मात्र दुधात बोटे भिजवून आणि अंगठा दुमडून. एकूण १४ मिनिटे लागली. त्यांच्या अंगठ्याचे नख वाढलेले होते आणि भेगेच्या बाजूला नखाची खूण दिसत होती.

वेळेचा मुद्दा इथे समजून घ्यावा लागतो. कास धुतल्या-पुसल्यावर साधारण एका मिनिटात गाय पान्हा सोडते आणि त्याचा जोर ५ ते ८ मिनिटेच टिकतो. त्यानंतर ओढून काढलेले दूध सडाला शिणवूनच येते. दुखणारी किंवा भेदरलेली गाय तर पान्हा चोरते. त्यामुळे दुखते म्हणून दूध उतरत नाही आणि उतरत नाही म्हणून अधिक ओढले जाते, असे चक्र या गायीत सुरू झाले होते. नखे कापली, मागच्या सडांना तीन बोटांची लहान मूठ सुरू केली, दुखरा सड सर्वांत शेवटी काढायचे ठरवले आणि दुधात बोटे भिजवणे बंद केले. दहा-बारा दिवसांत भेग सुकली, पाय बांधण्याची गरज उरली नाही आणि धार ७ मिनिटांत आटोपू लागली. आतली गाठ मात्र तशीच राहिली आणि त्या सडाची धार आजही बारीक येते. भेग कातडीची असते, ती भरते. अस्तराची गाठ पद्धत सुधारल्याने वाढायची थांबते, विरघळत नाही.

थंडीत धारेआधी कास कोमट पाण्याने धुवावी आणि स्वच्छ, कोरड्या फडक्याने सड टिपून घ्यावेत; ओले सड थंड वाऱ्यात सोडणे हे भेगांना आमंत्रण आहे. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या पृष्ठभागाच्या वाटीत घेऊन गाठी, पाणचट दूध किंवा रक्ताचा अंश दिसतो का ते पाहावे. धार झाल्यावर ग्लिसरीन मिसळलेल्या, सडांसाठीच्या आयोडीनच्या द्रावणात सड बुडवावेत आणि ते सुकेपर्यंत गाय वाऱ्यात बांधू नये. टोकाची नळी पूर्ण मिटायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून तेवढा वेळ गाय उभी राहावी यासाठी चारा धारेनंतर टाकावा. मलम लावायचे तर ते धारेनंतरच लावावे आणि पुढच्या धारेआधी पूर्ण पुसून काढावे.

धारेची दिशा अचानक तिरकी झाली, एका सडातून दोन फाटे फुटू लागले किंवा पूर्वीइतकाच दाब देऊनही दूध येईनासे झाले, तर आत काही अडले आहे. अशा वेळी सडात काडी, सुई किंवा पिसाचे देठ घालून वाट मोकळी करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. अस्तर फाटते आणि बाहेरची घाण थेट कासेत पोचते. सड फाटून जखमेतूनच दूध येत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे, कारण अशी जखम ताजी असतानाच शिवली तर जुळते. उशीर झाला तर जखमेच्या जागी दूध गळणारे भोक कायमचे राहते.