जादा सामान: ऑनलाइन आधी घ्यावं की विमानतळावर पैसे भरावेत?

आधी तिकीट उघडा आणि बॅगेजच्या रकान्यात '30K' लिहिलंय की '2PC' ते बघा. '30K' म्हणजे सगळ्या बॅगा मिळून 30 किलो. '2PC' म्हणजे दोन बॅगा, आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी, बहुधा 23 किलो. इथे एक बॅग 27 आणि दुसरी 19 किलोची असली, तर बेरीज 46 भरत असूनही पहिलीचे जादा पैसे लागतात. अशा तिकिटावर ऑनलाइन किलो नाही, आख्खी तिसरी बॅग विकत घेतात. एक बॅग 32 किलोंच्या वर मात्र सहसा कुठेच घेत नाहीत, पैसे भरले तरी.

मग बॅगा खरोखर भरा आणि वजन करा. अंदाजाने घेतलेले किलो हमखास कमी पडतात. घरचा साधा वजनकाटा चालतो: आधी एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा.

समजा '30K'चं तिकीट आहे आणि सामान भरलं 44 किलो, म्हणजे 14 जादा. ऑनलाइन किलो टप्प्यांत मिळतात: 5, 10, 15 असे. विमानतळावर मात्र दर एकेका किलोचा असतो, आणि बहुधा चढा. 15 किलोंच्या टप्प्याची किंमत घ्या आणि तिला विमानतळावरच्या किलोच्या दराने भागा. उत्तर 9 आलं, तर 9 किलोंच्या पुढे टप्पा स्वस्त, म्हणजे इथे ऑनलाइनच घ्यावं. जादा वजन 3-4 किलोच असेल तर हिशेब उलटूही शकतो. त्यापेक्षा जड पुस्तकं केबिन बॅगेत हलवा, पण तिचीही मर्यादा बघून.

खरेदी विमान कंपनीच्या वेबसाइटवर 'Manage Booking' मध्ये पीएनआर टाकून होते. व्हिसा हातात येण्याआधी घाई करू नका, कारण प्रवास रद्द झाला तर हे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. फार उशीरही नको. उड्डाणाच्या काही तास आधी ही सोय बंद होते, आणि ती वेळ प्रत्येक कंपनीची निराळी.

जोडविमान असेल तर 'Operated by' पुढचं नाव वाचा. दोन कंपन्यांच्या तिकिटावर ऑनलाइन खरेदीचा पर्यायच अनेकदा दिसत नाही. तेव्हा तिकीट काढलेल्या कंपनीला फोन करून, कोणाचा नियम लागू आहे ते विचारा. मी दोन वेगळी तिकिटं काढली होती. पहिल्यावर जादा किलो घेतले आणि निर्धास्त झालो. मधल्या विमानतळावर सामान पुन्हा चेक-इन करावं लागलं, तेव्हा दुसऱ्या तिकिटाचे पैसे काउंटरवरच्या दराने मोजले.

पावती फोनमध्ये जपून ठेवा. ऑनलाइन घेतलेले किलो काउंटरवर दिसले नाहीत तर तीच दाखवायची. आणि नोकरीसाठी जात असाल आणि तिथली नवी कंपनी स्थलांतराचा खर्च देणार असेल, तर त्यात जादा सामान धरतात का, हे खरेदीआधीच एचआरला ईमेलवर विचारून घ्या.