टाइमशीटमध्ये नुसते तास नको, सुरू-बंदची वेळ तारखेसकट टाका

रात्रीचं काम असेल तर हे नक्की करा. समजा टास्क शनिवारी 22:40 ला सुरू केला आणि रविवारी 01:25 ला संपला, म्हणजे 2 तास 45 मिनिटं. बरेच जण सोमवारी आठवून "शनिवार, 3 तास" असं लिहून मोकळे होतात. पण यातली 1 तास 20 मिनिटंच शनिवारची, उरलेली 1 तास 25 मिनिटं रविवारची, आणि रविवारी सुट्टीचा रेट लागत असेल तर तेवढे पैसे तुमचेच जातात, शिवाय दोन शिफ्टमधली सक्तीची विश्रांती खरंच मिळाली का हेही त्या "3 तास" वरून कुणालाच कळत नाही.

ऑडिटवाले तर आधी गोल आकडेच बघतात, रोज 9:00 ते 18:00 दिसलं की ते गेटच्या किंवा लॉगिनच्या नोंदीशी जुळवतात. म्हणून टास्क सुरू करताना आणि संपवताना तिथल्या तिथे वेळ टाका. चुकलीच तर जुनी नोंद पुसू नका हं, ती तशीच ठेवून खाली दुरुस्ती, कारण आणि कुणी कधी बदललं ते लिहा.