करंट रेशो १.३३ दिसला म्हणून शेरा मारू नका

खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या कॅश क्रेडिटच्या प्रस्तावावर शेरा लिहिताना घाई झालेला माणूस करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, बघतो, १.३३ दिसला की 'तरलता समाधानकारक' लिहून मोकळा होतो. हा आकडा बँकांनी खेळत्या भांडवलाला किती कर्ज द्यावं हे सुचवणाऱ्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आला. चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा उद्योजकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा, म्हणजे १०० च्या चालू मालमत्तेमागे चालू देणी ७५. ती मालमत्ता विकली जाईल की नाही, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

सुटे भाग बनवणारा एक कारखाना घ्या. मर्यादा ८० लाखांवरून १२० लाख करून हवी आहे. ताळेबंदात साठा ९०, येणी १००, रोकड १०. एकूण २०० लाख. चालू देणी १५० लाख. रेशो बरोबर १.३३. आता येण्यांची वयवार यादी मागवा. ३० लाख सहा महिन्यांहून जुने, ग्राहकाशी मालाच्या दर्जावरून वाद चालू. साठ्यात २५ लाखांचा माल बंद पडलेल्या मॉडेलचा. मुदत कर्जाचे पुढच्या बारा महिन्यांचे १८ लाखांचे हप्ते दीर्घ मुदतीच्या देण्यांतच बसवलेले. सगळं जागेवर आणलं की १४५ भागिले १६८, म्हणजे ०.८६.

क्विक रेशो साठा सोडून बाकी चालू मालमत्ता मोजतो, त्याने साठ्याचा प्रश्न सुटतो, बुडीत येण्यांचा नाही. तो आधी ०.७३ दिसत होता. जुनी येणी आणि हप्ते धरले की ०.४८.

एकट्या ३१ मार्चच्या आकड्यावर तर विसंबूच नये. रेशो एकाच्या वर असेल, तर वर्षअखेरीस येणी वसूल करून देणी फेडली की तो आपोआप फुगतो. इथेच ५० लाखांची वसुली करून तेवढीच देणी चुकवली असती, तर १५० भागिले १००, म्हणजे १.५ दिसला असता. धंद्यात मात्र काहीच बदललेलं नसतं. बारा महिन्यांची स्टॉक स्टेटमेंट आणि खात्याचा उतारा शेजारी ठेवायचा. एप्रिलमध्ये उचल पुन्हा वर गेली की कळतंच.

व्याज संरक्षणात, म्हणजे नफा व्याजाच्या किती पट आहे हे बघताना, दुसरी गफलत. व्याज आणि करापूर्वीचा नफा ४८, व्याज १८, म्हणून २.६७ पट. पण ४८ मधले १२ जुनं यंत्र विकून आलेले. ते पुन्हा येणार नाहीत. उरले ३६, म्हणजे २ पट. वाढीव ४० लाखांवर १०.५ टक्क्यांनी ४.२ लाख व्याज धरलं की १.६२. आणि हे गुणोत्तर मुद्दल मोजत नाही. १८ लाखांचे हप्ते नफ्यातून, कर भरल्यावर, द्यायचे आहेत.

शिफारस अशी: वाढ आत्ता नको. ८० लाखांचं नूतनीकरणही अटींवर. ९० दिवसांपलीकडची येणी आणि पडून राहिलेला साठा आहरण क्षमतेतून, म्हणजे साठा आणि येण्यांच्या आधारे किती उचल करता येईल त्या हिशोबातून, वगळायचा, वादातले ३० लाख वसूल झाल्यावर पुन्हा बोलू.