संचालकाला मुदतीआधी हटवताना या चुका टाळा

हातात बहुमत आहे म्हणजे संचालक हटलाच, असे अनेक प्रवर्तक धरून चालतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ नुसार साधा ठराव पुरतो हे खरे. पण ठराव जिंकूनही प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, अडकते ते बहुधा नोटिशीच्या तारखांवर आणि संचालकाचे म्हणणे ऐकले नाही म्हणून.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संचालक मंडळाच्या बैठकीतच ‘आजपासून पदमुक्त’ असा ठराव करून फॉर्म भरणे. कलम १६९ चा अधिकार मंडळाचा नाही, भागधारकांच्या सभेचा आहे. टपाली मतदानही चालत नाही, कारण ज्या विषयावर संचालकाला बोलण्याचा हक्क आहे तो विषय कलम ११० ने त्यातून वगळला आहे. सभा घ्यावीच लागते.

दुसरा घोटाळा दोन कागदांचा. कलम ११५ ची विशेष नोटीस म्हणजे अमुक ठराव मांडणार असल्याचे भागधारकाने कंपनीला कळवणे. त्यासाठी १ टक्का मताधिकार किंवा किमान ५ लाख रुपये भरणा झालेले शेअर पुरतात. पण या नोटिशीमुळे सभा बोलावण्याचे बंधन कंपनीवर येत नाही. मंडळ स्वतःहून सभा घेत नसेल, तर मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाच्या एक दशांश हिश्श्याच्या जोरावर कलम १०० खाली वेगळे मागणीपत्र द्यावे लागते. मग मंडळाला २१ दिवसांत सभा बोलवावी लागते आणि ती मागणीपत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत व्हावी लागते. नुसती विशेष नोटीस देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणारे भागधारक इथेच चुकतात.

आता तारखा. समजा, एका खासगी कंपनीत तीन भागधारक आहेत: ५५, ३५ आणि १० टक्क्यांचे. ३५ टक्केवाल्याला संचालकपदावरून हटवायचे आहे आणि सभा ३० जून २०२५ ला आहे. विशेष नोटिशीसाठी १४ पूर्ण दिवस लागतात. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. म्हणजे ती १५ जूनपर्यंत कंपनीला मिळायला हवी, आणि सभेआधी तीन महिन्यांहून जुनी नको. पण सभेच्या नोटिशीला २१ पूर्ण दिवस लागतात. ईमेलने पाठवली तर ८ जून ही शेवटची तारीख, टपालाने पाठवली तर आणखी दोन दिवस धरून ६ जून. हा ठराव त्याच नोटिशीत घालायचा, तर विशेष नोटीस त्याआधीच हातात असायला हवी. १५ तारखेच्या भरवशावर राहिलात, तर सदस्यांना, म्हणजे भागधारकांना, ठरावाची वेगळी नोटीस काढावी लागते आणि तीही सभेआधी ७ पूर्ण दिवस, म्हणजे २२ जूनपर्यंत.

विशेष नोटीस मिळताच तिची प्रत त्या संचालकाला लगेच पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्याने लेखी निवेदन देऊन ते सदस्यांना कळवायची मागणी केली, तर वेळ असल्यास ते सर्वांना पाठवायचे. उशीर झाला किंवा कंपनीने टाळले, तर सभेत ते वाचून दाखवण्याची मागणी तो करू शकतो. तो भागधारक नसला तरी सभेत त्याला बोलू द्यावे लागते. ‘निकाल ठरलेलाच आहे’ म्हणून हा भाग उरकून टाकू नका. इतिवृत्तात त्याला संधी दिल्याची स्पष्ट नोंद हवी.

मग मतदान. आपल्या उदाहरणात हात वर करून मत घेतले, तर ३५ आणि १० टक्केवाले मिळून दोन आणि ५५ टक्केवाला एकटा. ठराव पडेल! खासगी कंपनीच्या नियमावलीत वेगळी तरतूद नसेल, तर कलम १०९ नुसार निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताच पोल मागायचा. मग मते शेअरांप्रमाणे मोजली जातात आणि ५५ विरुद्ध ४५ ने ठराव मंजूर होतो. हटवला जाणारा संचालक भागधारक म्हणून मत देऊ शकतो, त्याला रोखू नका.

गणपूर्ती हा याहून चिवट प्रश्न आहे. खासगी कंपनीत दोन सदस्य स्वतः हजर हवेत, प्रॉक्सी त्यात मोजला जात नाही. विरोधी दोघे आलेच नाहीत, तर अर्ध्या तासानंतर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी ढकलली जाते. मागणीपत्रावर सदस्यांनी बोलावलेली असेल तर थेट रद्द होते. अशी अडवणूक चालू राहिली, तर कलम ९८ खाली न्यायाधिकरणाकडे जायचे. ते एका सदस्याची हजेरीही सभा मानण्याचा आदेश देऊ शकते.

दुसऱ्या मुदतीतल्या स्वतंत्र संचालकाला मात्र साधा ठराव चालत नाही, विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते, लागतो.

ठराव झाल्यावर ३० दिवसांत संचालक बदलल्याचे कळवणारा DIR-12 फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरा. त्याच सभेत नवा संचालक नेमायचा असेल, तर त्याचीही विशेष नोटीस आधीच दिलेली असावी लागते. ती राहून गेली, तर मंडळ ही जागा नैमित्तिक रिक्त जागा म्हणून भरू शकते, पण हटवलेल्या माणसालाच त्यावर परत बसवू शकत नाही.