‘सॉरी फॉर युअर ट्रबल’: आयर्लंडमध्ये मयताच्या घरी जाताना

आयर्लंडला येऊन पाच-सहा महिने झाले की कधीतरी ऑफिसात मेल येतो: शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचे वडील गेले. खाली RIP.ie या निधनवार्तांच्या साइटची लिंक असते. आपल्याला वाटतं, त्या माणसाला आपण कधी पाहिलंही नाही, आपण कशाला जायचं? दोन ओळींचा मेल पाठवू, ती परत आली की बोलू. इथे मात्र चार-पाच जण एका गाडीतून दीडशे किलोमीटर जाऊन येतात आणि त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही. गेलेल्याशी तुमची ओळख हवीच असं नाही, मागे राहिलेल्याशी असली की पुरे. जागा असेल तर त्यांच्या गाडीत बसा. ठरवायला वेळ फार नसतो, कारण मृत्यूनंतर साधारण दोन-तीन दिवसांत दफन उरकलेलं असतं.

जाण्याआधी ती लिंक नीट वाचा. RIP.ie ही साइट 2005 पासून आहे. कोण गेलं, केव्हा भेटायचं, चर्च कुठलं, हे सगळा देश तिथेच बघतो. म्हाताऱ्या माणसांना अजून स्थानिक रेडिओवर वाचली जाणारी निधनवार्ता लागते, पण मजकूर तोच. त्यातले दोन-तीन शब्द आपल्याला फसवतात. ‘रिपोझिंग ॲट हिज होम, गुरुवारी चार ते आठ’ म्हणजे पार्थिव घरी ठेवलं आहे आणि त्या वेळात कुणीही यावं. ‘रिमूव्हल’ म्हणजे पार्थिव तिथून चर्चकडे नेणं. ‘हाउस प्रायव्हेट’ असेल तर घरी जायचं नाही. ते सबंध दिवसासाठी आहे की फक्त अंत्ययात्रेच्या सकाळपुरतं, एवढं तपासा. डब्लिनमध्ये बहुतेक वेळा घराऐवजी फ्युनरल होमचा, म्हणजे अंत्यविधी पाहणाऱ्या कंपनीच्या जागेचा, पत्ता असतो. ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’ लिहिलं असेल तर फुलं नेऊ नका. नेलीत तर कुणी बोलणार नाही, पण ती कुठे ठेवायची हा प्रश्न त्यांच्यापुढे पडेल. कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा सदरा कपाटातच राहू द्या.

आता माझी पहिली वेळ सांगतो. मेयो काउंटीतलं एक खेडं, नोव्हेंबर महिना, सहकारिणीचे वडील. घराबाहेर रस्त्यापर्यंत रांग. रांगेतली माणसं हळू आवाजात गुरांच्या, फुटबॉलच्या गप्पा मारत होती, मधूनच हसतही होती. मला ते खटकलं. दाराशी काळ्या सुटातला एक गंभीर गृहस्थ उभा होता. मला वाटलं, हा मोठा मुलगा. मी दोन्ही हात जोडले आणि गाडीत पाठ केलेली चार वाक्यं त्याला ऐकवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आत जायची खूण केली. तो अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीचा माणूस होता.

आत बसायच्या खोलीत शवपेटी उघडी असते. चेहरा नीट केलेला, चांगले कपडे, हातात जपमाळ गुंडाळलेली. भिंतीला लागून खुर्च्यांवर घरची माणसं ओळीने बसलेली असतात. रांग खोलीत शिरली की गप्पा आपोआप थांबतात. पुढचा माणूस करतो तेच करायचं: ओळीतल्या पहिल्या माणसापासून सुरुवात, प्रत्येकाशी हस्तांदोलन, प्रत्येकाला तेच एक वाक्य, आणि पुढे सरकायचं.

ते वाक्य म्हणजे ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’. ‘ट्रबल’ म्हणजे त्रास असं शाळेत शिकल्यामुळे मला ते विचित्र वाटलं होतं. पाणी दोन दिवस आलं नाही म्हणून नगरपालिका बोलते तसं. इथे त्या शब्दाचा अर्थ घरावर आलेलं दुःख. आयरिश भाषेतही हेच म्हणतात, ‘नी माह ल्युम दो ह्रिब्लोज’. शहरात आणि तरुण मंडळींत ‘सॉरी फॉर युअर लॉस’ जास्त ऐकू येतं, तेही चालतं. दोन्हींतलं एक निवडा आणि तेवढंच बोला. समोरून ‘थँक्स फॉर कमिंग’ येईल. तुम्ही कोण हे त्यांना कळत नसेल, आणि आपल्या बाबतीत ते बहुधा कळत नाहीच, तर हात हातात असतानाच एवढं जोडा: ‘आय वर्क विथ युअर सिस्टर’. तुमची सहकारीण ओळीत असेल तर तिलाही तेच वाक्य. जवळची मैत्री असेल तर मिठी मारा, पण पुढाकार तिचा असू द्या.

एवढं कमी बोलून कसं भागतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एकदा रांगेत उभ्या उभ्या हिशेब केला. खेड्यातल्या मयताला तीनशे माणसं सहज येतात. प्रत्येकाने अर्धा मिनिट घेतला तर अडीच तास लागतात, म्हणजे चार ते आठ या वेळात बसतं. प्रत्येकाने दोन मिनिटं घेतली तर दहा तास होतात. तिथे बसलेली म्हातारी हे सगळे हात हातात घेणार आहे, तेही दोन रात्री जागून. मोठं वाक्य बोललात तर तिला त्याला उत्तर द्यावं लागतं. छोट्या वाक्याला नुसती मान हलवली तरी चालते.

माझी दुसरी चूक इथेच झाली. सहकारिणीच्या आईचा हात धरून मी विचारलं, ‘कसं झालं?’ आपल्याकडे समाचाराला गेल्यावर हे विचारतातच. न विचारणं कोरडेपणाचं वाटतं, आणि घरचं माणूस शेवटचा दिवस पहिल्यापासून सांगतं: सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, मग म्हणाले बरं वाटत नाही. प्रत्येक येणाऱ्याला तेच सांगता सांगता दुःख थोडं हलकं होत असेल. त्या माउलीनेही सभ्यपणे सांगायला सुरुवात केली. माझ्यामागे तीस माणसं थांबली, खोली गप्प झाली आणि तिला रडू आलं. मागच्या एका शेतकऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला अलगद पुढे सरकवलं. कसं झालं, वय किती होतं, हे विचारायची जागा ही ओळ नव्हे. आतल्या स्वयंपाकघरात चहा घेताना घरचंच कुणीतरी ते आपणहून सांगतं.

‘सुटले बिचारे’, ‘वय झालंच होतं’ ही वाक्यंही त्यांची त्यांनी बोलायची. ते बोलले तर मान डोलवा, पण आपण सुरुवात करू नका. आणि एक गोष्ट तोंडातून सवयीने निघते तिच्यावर लक्ष ठेवा. इथे कुणी भेटलं की ‘हाउ आर या’ म्हणतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. वर्षभरात ते आपल्याही तोंडी बसतं. ओळीतल्या पहिल्याच माणसाला मी ते बोललेलो आहे.

शवपेटीपाशी पाच-सात सेकंद थांबून मान खाली घाला. बाकीचे छातीवर क्रूसाची खूण करतील, कुणी मृताच्या हाताला हात लावेल. तुम्ही दोन्हींतलं काही केलं नाही तरी कुणी बघत नाही. मनात हात जोडा. आणि सांगून ठेवतो, हात लावलात तर तो फार गार असतो.

मग कुणीतरी, बहुधा शेजारीण, ‘यू विल हॅव अ कप ऑफ टी’ म्हणत तुम्हाला स्वयंपाकघरात नेते. मयताच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे तो चहा नाकारला तर तुम्हाला परकं वाटतंय की काय, या काळजीने ती आणखी दोनदा विचारते. अर्धा कप घ्या. सँडविच बहुतेक हॅमचे असतात, शाकाहारी असाल तर बिस्किट उचला. त्या खोलीत गेलेल्या माणसाचे किस्से चालू असतात आणि लोक खळखळून हसतात. आता खटकू देऊ नका. ओळीत बोलायचं राहिलेलं सगळं इथे बोललं जातं. घरी परतल्यावर आंघोळ करायची असेल तर करा, फक्त परतीच्या गाडीत त्याची चर्चा नको.

घरी जाणं जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा प्रार्थनाविधी, असते. घरची मंडळी पुढच्या बाकांवर बसतात, लोक तिथेही ओळीने जाऊन हात मिळवतात, वाक्य तेच. आपण मागच्या बाकांवर बसावं आणि सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहावं. मध्येच सगळे वळून एकमेकांशी हात मिळवू लागतात. ती शांतीची खूण आहे, तेव्हा ‘पीस बी विथ यू’ म्हणायचं. एका नव्या मुलाने त्या वेळी डाव्या-उजव्या बाजूच्या अनोळखी माणसांचं सांत्वन केलेलं मी पाहिलं आहे. थोड्या वेळाने लोक प्रसादासाठी पुढे जातात. तो कॅथलिकांसाठी असतो, तुम्ही जागेवरच बसा.

सहकारीण आठवड्याभराने कामावर येते. पहिल्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन एकदा ‘सॉरी अबाउट युअर डॅड’ म्हणा आणि कामाला लागा. अंत्यविधीला गेला असाल तर तेही नको. तुम्ही आला होतात हे तिच्या लक्षात असतं, खेड्यात तर वर्षानुवर्षं. महिन्याने त्यांची ‘मंथ्स माइंड’ नावाची मिस्सा होते, आपल्या मासिक श्राद्धाची आठवण यावी अशी. तुम्हाला बोलावलं नसेल तर तिथे जाऊ नका.

राहिला निरोप. दुःखाच्या घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही, नुसते उठतो. इथे तसं उठून गेलात तर चालेल, पण दाराशी कुणी अडवून आभार मानलेच, तर ‘सी यू’ किंवा ‘हॅव अ नाइस इव्हिनिंग’ म्हणू नका. ‘माइंड युअरसेल्फ’ म्हणा, म्हणजे स्वतःला जप. पश्चिमेकडच्या काउंट्यांत ते इतक्या हळू म्हणतात की पहिल्यांदा मला ऐकूच आलं नव्हतं.