ईजीएफआर चाचणी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाची गोळी : या चुका टाळा

अनेक रुग्णांच्या हकिगती मिळून बनलेलं हे उदाहरण घ्या. 58 वर्षांच्या एक काकू, आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. खोकला हटेना, एक्स-रेवर डाग आणि छातीत पाणी. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी टीबीचं औषध चालू झालं. तीन महिन्यांनी पाणी तपासलं तेव्हा त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी मिळाल्या.

पहिली चूक इथेच झाली. छातीतून एक लिटर पाणी काढलं, चार स्लाइडपुरतं वापरलं आणि उरलेलं ओतून दिलं. खरं तर ते पाणी फिरवून तळाशी बसलेल्या पेशींचा मेणात ‘सेल ब्लॉक’ करता येतो आणि त्यावरच ईजीएफआर या जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, आहे का याची चाचणी होते. म्हणून पाणी काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ‘यातून सेल ब्लॉक करणार ना?’ तपासणीसाठी गाठीचा तुकडा हाडातून घेतला असेल तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की डीएनए खराब होतो, म्हणून जनुकीय चाचणी करायची आहे हे लॅबला आधी कळलं पाहिजे.

पाणी गेलं म्हणून काकूंच्या रक्तावर चाचणी केली. रिपोर्ट आला, ‘म्युटेशन आढळलं नाही’. घरच्यांनी याचा अर्थ ‘म्युटेशन नाहीच’ असा घेतला. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. गाठीतून रक्तात डीएनए पुरेसा न उतरल्यामुळे म्युटेशन असलेल्या ढोबळमानाने 10 पैकी 3 जणांचं म्युटेशन रक्तात दिसत नाही. रक्तात सापडलं तर त्यावर विश्वास ठेवावा, पण नाही सापडलं तर गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय थांबू नये. तुकड्याच्या रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असं असेल तर तेही ‘निगेटिव्ह’ नव्हे. ती चाचणी झालेलीच नाही, असं समजा.

काकूंची सुईने बायोप्सी झाली आणि एक्सॉन 19 डिलिशन नावाचं म्युटेशन सापडलं. हा बदल आणि एल858आर हे दोन मिळून ईजीएफआरची बहुतेक म्युटेशन होतात आणि दोघांवर ईजीएफआरला रोखणाऱ्या गोळ्या चांगल्या चालतात. मात्र एक्सॉन 20 इन्सर्शनवर जेफिटिनिबसारखी गोळी सहसा चालत नाही. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या शब्दावर न थांबता म्युटेशनचं नाव वाचा.

किमो वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालते, मग ती गाठ असो, केसांची मुळं असोत की अस्थिमज्जा. म्हणून ती साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने देतात, शरीर सावरायला वेळ मिळतो. गोळीचं काम वेगळं आहे. ईजीएफआर हे पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारं बटण, म्युटेशनमुळे ते सतत चालू राहतं. गोळी ते बंद धरून ठेवते, म्हणून रोज घ्यावी लागते. बटणच बिघडलेलं नसेल तर? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आयपास अभ्यासात म्युटेशन असलेल्यांपैकी 71 टक्क्यांची गाठ जेफिटिनिबने लहान झाली, किमोने 47 टक्क्यांची. म्युटेशन नसलेल्यांत गोळीने जेमतेम 1 टक्का, किमोने 23 टक्के. चाचणीविना ‘गोळीच द्या, किमो नको’ असा हट्ट धरणं ही तिसरी चूक आहे. शिवाय दोन्ही एकत्रही दिल्या जातात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या जेफिटिनिबने आजार सरासरी 8 महिने आटोक्यात राहिला, किमो जोडल्यावर 16 महिने.

काकूंना जेफिटिनिब सुरू झालं, तरी महिन्याभरात खोकला तसाच. औषधांची पिशवी उलटी केली तर टीबीच्या गोळ्या चालूच होत्या. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला जेफिटिनिब इतक्या झपाट्याने मोडायला लावतं की रक्तातलं त्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटू शकतं. जोडीला रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल होती. पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब आणि तिच्याच गटातली एर्लोटिनिब नीट शोषली जात नाहीत. याच गटातल्या ओसिमर्टिनिबला याचा फरक पडत नाही. टीबी नाही याची छातीच्या डॉक्टरांनी खात्री केली, मगच टीबीचं औषध थांबलं. अ‍ॅसिडिटीची गोळीही बंद झाली. ही औषधं स्वतःहून बंद करू नका, पण पूर्ण यादी कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवा, आयुर्वेदिक काढ्यासकट.

पुढच्या तीन आठवड्यांत काकूंच्या चेहऱ्यावर मुरमांसारखे फोड उठले, जुलाबही झाले. घरच्यांना वाटलं गोळी सोसत नाही, म्हणून ती बंद करावी. त्वचेलाही ईजीएफआर लागतं, त्यामुळे पुरळ येणं अपेक्षितच असतं. मलम आणि जुलाबाच्या गोळीवर ते आटोक्यात आलं. मात्र कोरडा खोकला अचानक वाढला किंवा नव्याने धाप लागली तर गोष्ट वेगळी. गोळीमुळे फुप्फुसाला सूज आलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी दाखवा.