क्रिटिकल क्लिअरिंग टाइम काढायला बसण्यापूर्वी

एक जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, दोन समांतर लाइन आणि पलीकडे इन्फिनिट बस. एका लाइनवर जनरेटरच्या बाजूला, अगदी बसजवळ थ्री-फेज फॉल्ट होतो आणि तीच लाइन दोन्ही टोकांनी उघडून तो काढला जातो. मशीन सिंक्रोनिझममध्ये राहायचं असेल तर ब्रेकरकडे किती वेळ आहे, हा प्रश्न. गणित पानभराचं आहे, पण आधी काय हाताशी ठेवलं त्यावर उत्तर बरोबर येणार की नाही ते ठरतं.

सगळ्यात आधी आकडे एकाच बेसवर आणा. आपल्या उदाहरणात सगळं मशीनच्या बेसवर आहे: H = 4 सेकंद, X'd = 0.25, ट्रान्सफॉर्मर 0.15, प्रत्येक लाइन 0.5, इन्फिनिट बसचा व्होल्टेज 1.0, टर्बाइनची पॉवर Pm = 0.8 आणि वारंवारता 50 हर्ट्झ. पॉवर 100 MVA बेसवर आणि H मात्र मशीनच्या 250 MVA बेसवर, अशी सरमिसळ फार होते. ती ओळखायला अवघड, कारण क्रिटिकल अँगलच्या सूत्रात H येतच नाही. अँगल बरोबर दिसतो आणि चूक फक्त वेळेत उतरते. वेळ H च्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे बेसमधली अडीच पटीची चूक वेळेत सुमारे 1.6 पटीची होते.

दुसरी गोष्ट म्हणजे E' आणि त्याचा कोन. हा कोन जनरेटरच्या टर्मिनलचा नाही, X'd च्या मागच्या व्होल्टेजचा आहे. फॉल्टपूर्वीच्या लोड फ्लोमधून टर्मिनलचा व्होल्टेज आणि करंट घ्या, त्यात X'd वरचा ड्रॉप मिळवा आणि मिळालेलं E' पूर्ण गणितभर स्थिर धरा. आपल्याकडे ते 1.17 आहे.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं ते काम: तीन अवस्थांची तीन सर्किटं वेगवेगळी काढून ठेवा. फॉल्टपूर्वी दोन्ही लाइन समांतर असतात, म्हणून एकूण रिअॅक्टन्स 0.25 + 0.15 + 0.25 = 0.65 आणि वक्राचं शिखर 1.17/0.65 = 1.8. फॉल्ट चालू असताना बसचा व्होल्टेज शून्य, म्हणून पोहोचणारी पॉवरही शून्य. फॉल्ट गेल्यावर एकच लाइन उरते, रिअॅक्टन्स 0.90 होतो आणि शिखर 1.3 वर येतं. हे तिन्ही वक्र एकाच कागदावर हाताने काढा आणि 0.8 ची आडवी रेघ ओढा. ही आकृती नसताना सूत्रात आकडे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

स्विंग समीकरण तर साधं आहे:

```
M·d²δ/dt² = Pm − Pe,   M = 2H/ωs = 8/314.16 = 0.02546
```

दोन्ही बाजूंना dδ/dt ने गुणून इंटिग्रेट केलं की डावीकडे रोटरच्या जादा वेगाशी निगडित ऊर्जा उरते आणि उजवीकडे Pm च्या रेघेपासून वक्रापर्यंतचं क्षेत्रफळ. फॉल्टमध्ये रोटरने कमावलेलं क्षेत्रफळ फॉल्टनंतर परत फेडता आलं पाहिजे. फेडायची जागा संपण्याचा शेवटचा कोन म्हणजे δmax, आणि तो नव्या, खालच्या वक्रावरचा आहे.

सुरुवातीचा कोन δ0 = sin⁻¹(0.8/1.8) = 26.4°, म्हणजे 0.4606 रेडियन. नव्या वक्रावर sin⁻¹(0.8/1.3) = 38.0°, म्हणून δmax = 142.0°, म्हणजे 2.4787 रेडियन. कॅल्क्युलेटरवर रेडियन लावलेले आहेत ना, हे इथे तपासा, कारण पुढच्या सूत्रात कोन sin-cos च्या बाहेर, नुसता गुणला जातो:

```
cos δcr = [Pm(δmax − δ0) + 1.3·cos δmax] / 1.3
        = [0.8 × 2.0181 − 1.0247] / 1.3 = 0.4537
```

δcr = 63.0°. कोन अंशांत घातले असते तर उजवीकडे सत्तरच्या आसपास आकडा आला असता. कोसाइन एकपेक्षा मोठा दिसला की पहिला संशय अंशांवर घ्यावा.

वेळ काढताना सोय अशी की फॉल्टमध्ये Pe शून्य आहे, म्हणजे त्वरण स्थिर आहे आणि कोन वेळेच्या वर्गाने वाढतो:

```
t = √[2M(δcr − δ0)/Pm] = √[0.0509 × 0.6394 / 0.8] ≈ 0.20 s
```

म्हणजे सुमारे 10 सायकल. फॉल्ट लाइनच्या मधोमध असेल तर थोडी पॉवर जातच राहते. तेव्हा क्रिटिकल अँगल क्षेत्रफळाने मिळतो, पण वेळेसाठी हे सूत्र चालत नाही आणि स्विंग समीकरण टप्प्याटप्प्याने सोडवावं लागतं. त्याचीही तयारी आधीच ठेवा.

एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती आजही पेपरांत दिसते. लाइन ट्रिप झाली हे विसरून फॉल्टनंतरही 1.8 चाच वक्र धरायचा. मग δmax 153.6° होतो, क्रिटिकल अँगल सुमारे 85° आणि वेळ 0.25 सेकंद. उत्तर अगदी पटण्याजोगं दिसतं, कुठे काही अडत नाही, पण ब्रेकरला सुमारे अडीच सायकल फुकट वाढवून दिल्या जातात. बसवरचा फॉल्ट कोणतीही लाइन न उघडता निघून गेला तरच हे उत्तर बरोबर आहे. म्हणून प्रश्नात ‘फॉल्ट कशाने निघाला’ हे वाक्य शोधून त्याखाली रेघ मारा.

उत्तर आल्यावर ते प्रत्यक्ष संरक्षणाशी ताडून पाहा. रिले 2 सायकल आणि ब्रेकर 3 सायकल घेत असेल तर फॉल्ट 0.1 सेकंदात जातो. तोवर कोन 35.4° झालेला असतो. इथे एक बारीक गोष्ट दिसते: नव्या वक्रावर 35.4° ला पॉवर 0.75 आहे, 0.8 पेक्षा कमी. म्हणजे ब्रेकर उघडल्यावरही रोटर 38° पर्यंत जराजरा वेग घेतच राहतो. मंदावणं त्यानंतर सुरू होतं आणि कोन सुमारे 69° ला जाऊन परत फिरतो. 142° अजून बराच लांब आहे. ब्रेकर अडकला आणि बॅकअप संरक्षणाने फॉल्ट काढायला 0.3 सेकंद घेतले तर मात्र मशीन गेलंच समजा.

मर्यादाही वहीत लिहून ठेवा. E' स्थिर, Pm स्थिर, रेझिस्टन्स आणि डॅम्पिंग शून्य. हे सगळं पहिल्या झोक्यापुरतं ठीक आहे. पहिल्या झोक्यात टिकलेलं मशीन एक्सायटेशन कंट्रोलमुळे पुढच्या झोक्यांत वाढत्या दोलनांनी सुटू शकतं, आणि ते या आकृतीत कुठेच दिसणार नाही. आणि पलीकडची बस खरंच इन्फिनिट आहे का, तिथली शॉर्ट-सर्किट पातळी आपल्या मशीनच्या मानाने किती मोठी आहे, हे पाहायचं राहिलं असेल तर तेही आकडे मांडण्याआधीच पाहा.